स्लीपओव्हरला आठ पोरं येणार आहेत? रात्रीचं जेवण, मध्यरात्रीचा खाऊ आणि सकाळचा नाश्ता, सगळं सांगते

मे महिन्याची सुट्टी लागली की लेकीचं सुरू होतं, आई मैत्रिणींना राहायला बोलवू ना, आणि मग आपण हो म्हणून बसतो आणि नंतर लक्षात येतं की आठ जणींना तीन वेळा खायला घालायचंय. माझी लेक नऊ वर्षांची, मैत्रिणी आठ ते दहातल्या, घर टू बीएचके, मदतीला नवरा (म्हणजे पाव आणायला). आत्तापर्यंत तीन वेळा केलंय आणि पहिल्यांदा पूर्ण फसलंय, त्यामुळे जे पहिल्यांदाच करतायत त्यांच्यासाठी लिहितेय.

पहिल्या वेळी मी डोसे केले होते. मुलांना डोसा आवडतो, पीठ तयार, काय एवढं, असं वाटलं. पण एका तव्यावर एक डोसा म्हणजे दोन-अडीच मिनिटं, आठ जणींना प्रत्येकी एक द्यायलाच वीस मिनिटं, तोवर पहिलीचा संपलेला, ती उठून खेळायला गेलेली, मग दुसरी पण तिच्या मागे, आणि मी साडेनऊपर्यंत तव्यासमोर घामाघूम. त्या दिवशी नियम ठरला की स्लीपओव्हरला तव्यावर एकेक करून वाढायचं काहीही करायचं नाही, म्हणजे डोसे, घावन, पराठे, पॅनकेक सगळं बाद. एका भांड्यात एकदाच तयार होईल आणि एकाच वेळी सगळ्यांच्या ताटात पडेल असंच हवं.

दुसरी गोष्ट अशी की या पोरी रात्रीच्या जेवणाला घरी खातात त्यापेक्षा कमी खातात. अंगात नुसता उत्साह असतो, दोन घास खाल्ले की झालं म्हणतात, आणि मग अकराला खरी भूक लागते. म्हणून मध्यरात्रीचा खाऊ ही गंमत म्हणून ठेवायची गोष्ट नाही, ते रात्रीच्या जेवणाचं उरलेलं अर्धं जेवण आहे असं धरूनच तिन्हीचा हिशोब एकत्र करायचा.

आधी फोन, मग मेनू

निदान चार दिवस आधी प्रत्येकीच्या आईला फोन करा, ग्रुपवर मेसेज टाकू नका कारण ग्रुपवर सगळ्या "काहीही चालेल गं" असंच लिहितात. फोनवर नीट विचारलं की खरं कळतं. मी तीन प्रश्न विचारते. काय अजिबात चालत नाही, कशाची अ‍ॅलर्जी आहे आणि ती झाली की नेमकं काय होतं, आणि रात्रीचं काही आहे का, म्हणजे औषध, अंधाराची भीती, अंथरूण ओलं होणं. तिसरा प्रश्न हळूच विचारायचा आणि उत्तर आपल्यापाशीच ठेवायचं, लेकीलाही सांगायचं नाही.

गेल्या मे महिन्यात या फोनांतून दोन गोष्टी निघाल्या. एक मुलगी जैन, म्हणजे कांदा, लसूण, बटाटा, गाजर, बीट, ओलं आलं नाही, हळद पावडर आणि सुंठ चालते. काही जैन घरांत सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, तसं असेल तर सगळ्यांचंच जेवण सहाला लावा, एकटीला आधी बसवू नका. हिच्या घरी रात्री चालत होतं. दुसऱ्या मुलीला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, एकदा ओठ सुजून श्वासाला त्रास झालेला. हे ऐकल्यावर नुसतं "बरं, शेंगदाणे घालणार नाही" म्हणून भागत नाही. आपल्या घरात शेंगदाणा कुठे कुठे असतो ते एकदा डोळ्यासमोर आणा, तेल शेंगदाण्याचं, कोशिंबिरीत कूट, चटणीत कूट, चिवडा, फरसाण, चिक्की, आणि तोच चमचा सगळीकडे. मी त्या दोन दिवसांसाठी सूर्यफूल तेलाची पिशवी आणली, कढई, डाव आणि मिक्सरचं भांडं साबणाने घासून घेतलं, कुटाचा डबा आणि चिवडा बेडरूमच्या कपाटात वर ठेवून दिला. तिच्या आईकडून औषधं आणि ती कधी, किती द्यायची हे कागदावर लिहून घेतलं. श्वासाला त्रास झाला तर कागदावर लिहिलंय ते औषध द्यायचं, लगेच १०८ लावायचा आणि त्यानंतर आईला फोन, हा क्रम नवऱ्यालाही सांगून ठेवला. गरज लागली नाही, पण कागद फ्रीजवर चिकटवलेला होता.

आता यात बघा, आपले नेहमीचे हुकमी पदार्थ कसे उडतात. कांदेपोह्यात कांदा, बटाटा, शेंगदाणे, तिन्ही! साबुदाण्याच्या खिचडीत बटाटा आणि कूट. मिसळीचं तर नावच नको. त्या मुलींसाठी वेगळं करू असं पहिल्यांदा वाटतं, पण आठात दोन वेगळी ताटं म्हणजे चुकीचा डाव चुकीच्या भांड्यात जायची पक्की सोय, आणि वेगळं ताट मिळालेल्या पोरीचा चेहरा बघवत नाही. म्हणून उलटं केलं, सगळ्यांना चालेल असं एकच भांडं, आणि बाकीच्यांना हवं ते वरून घ्यायला बाजूला.

रात्री: कच्च्या केळ्याची पावभाजी

हसू नका. जैन पावभाजी अशीच करतात, बटाट्याऐवजी कच्चं केळं, आणि आठांपैकी एकीलाही कळलं नाही. नवऱ्यालाही मी सांगितल्यावर कळलं.

आठ मुली आणि आम्ही दोघं, असं माप देतेय. कच्ची केळी एक किलो म्हणजे साधारण आठ, दुधी पाव किलो, मटार दोन वाट्या (फ्रोझन चालतात), टोमॅटो एक किलो, ढोबळी मिरची तीन, बटर दीडशे ते दोनशे ग्रॅम पाव भाजण्यासकट. पाव आमच्याकडे सहाच्या लादीने मिळतात, चार लाद्या म्हणजे चोवीस. माझ्या अनुभवात या वयाची मुलगी दोन खाते, एखादी तीन, त्यामुळे चोवीस आमच्या दोघांना धरूनही पुरतात. पहिल्यांदा करणारे चाळीस पाव आणतात आणि मग आठवडाभर पावच खातात.

भाजी दुपारीच करून टाका. केळ्यांची टोकं कापून, सालासकट दोन तुकडे करून कुकरला तीन शिट्ट्या, वरच्या भांड्यात दुधी आणि मटार. साल आधी काढायच्या भानगडीत पडू नका, चीक हाताला लागून काळा होतो. उकडल्यावर साल आपोआप सुटतं. गरम असतानाच मॅश करा, गार झालं की केळं घट्ट होतं आणि गुठळ्या राहतात.

मोठ्या कढईत दोन चमचे तेल आणि थोडं बटर, जिरं, हिंग (कांदा-लसूण नाही तर हिंग जरा सढळ हाताने), बारीक चिरलेली ढोबळी मिरची चार मिनिटं, मग मिक्सरमधून काढलेला टोमॅटो आणि मीठ. आणि इथेच सगळ्यांची घाई होते. टोमॅटो पंधरा मिनिटं तरी शिजू द्या, कडेने बटर सुटायला लागलं आणि कच्चा वास गेला की मगच पुढे. तो कच्चा राहिला तर वरून कितीही मसाला घाला, भाजी आंबटच लागते आणि मुलं पहिल्या घासाला तोंड वाकडं करतात. मग हळद, रंगासाठी काश्मिरी मिरची पावडर दोन-तीन छोटे चमचे आणि पावभाजी मसाला दोन मोठे चमचे. मसाल्याच्या पाकिटामागचं नक्की वाचा, काहींत लसूण असतो. चिमूटभर साखर. मग मॅश केलेलं सगळं आणि तीन-चार पेले गरम पाणी, मंद गॅसवर पंधरा मिनिटं. दाट भाजी उडते हो, चांगली मनगटापर्यंत, तेव्हा झाकण अर्धवट ठेवा आणि लहान मुलांना ओट्यापासून लांब.

झाली का ते कसं ओळखायचं तर चमचाभर ताटलीत टाका. भोवती पाणी सुटलं तर अजून उकळायची, गोळ्यासारखी उभी राहिली तर पाणी कमी आहे. केळ्याची भाजी बटाट्यापेक्षा लवकर आळते, संध्याकाळपर्यंत तिचा सिमेंटचा गोळा झालेला असतो, घाबरायचं नाही, एक पेला उकळतं पाणी घालून घोटायची की परत जागेवर. दुपारी केलेली भाजी मेच्या उकाड्यात ओट्यावर ठेवू नका, वाफ गेली की दोन पसरट भांड्यांत काढून फ्रीजमध्ये, आणि सातला बाहेर काढून नुसती कोमट नाही तर चांगली उकळी येईपर्यंत गरम करा.

पाव हाच काय तो तव्याचा भाग. एकेक पाव पुस्तकासारखा उघडून मोठ्या तव्यावर सहा बसतात, दोन मिनिटं लागतात. जेवायला बसवायच्या आधीच बारा भाजून स्वच्छ फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवा, पहिली फेरी एकदम वाढता येते, आणि त्या खात असताना अजून सहा. उरलेली लादी भाजू नका, ती रात्रीसाठी.

बाजूला तीन वाट्या, चिरलेला कांदा, लिंबू, आणि लसणाची लाल चटणी (नुसतं लसूण, तिखट, मीठ, तेल, कूट नाही). ज्यांना झणझणीत हवं त्या घेतात, त्या वाट्यांचे चमचे वेगळे आणि त्या वाट्या कढईपासून लांब. प्यायला पन्हं. खाली चटई टाकून सगळ्यांना गोलात बसवा, टेबलावर सहाच मावतात आणि मग कोण कोणाशेजारी यावरून रडारड. पहिल्यांदा एकच डाव वाढा, पोरी मागून घेतात, ताट भरलं की मात्र सोडून देतात. आणि हो, सहाला आल्या आल्या वेफर्स फोडू नका, पावणेआठचं जेवण तिथेच मेलं.

मध्यरात्र, म्हणजे पावणेअकरा

बारापर्यंत थांबायची गरज नाही. दिवे घालवले, टॉर्च लावला की त्यांच्यासाठी मध्यरात्रच असते. बारा वाजता खायला दिलं तर दीडपर्यंत झोपत नाहीत, करून बघितलंय.

दुसऱ्या वेळी मी इन्स्टंट नूडल्स केले होते, आठ बाऊल, साडेबाराला, गादीवर बसून. त्या चादरीवरचा पिवळा डाग अजून गेला नाही. तेव्हापासून ठरवलं की या वेळचं खाणं कोरडं, हाताने खाता येणारं, आधी करून ठेवलेलं आणि सांडलं तर झाडूने गोळा होणारं असलं पाहिजे. म्हणजे पॉपकॉर्न.

मक्याचे सुटे दाणे आणा, मसाला लावलेली पाकिटं नको, त्यात काय काय असतं वाचत बसावं लागतं. पाच लिटरच्या कुकरची रिंग आणि शिट्टी काढून ठेवा (हे विसरू नका प्लीज), दोन चमचे सूर्यफूल तेल, पाव चमचा हळद, तीन-चार दाणे टाका, ते फुटले की तेल तापलं, मग अर्धी वाटी दाणे, वर झाकण नुसतं टेकवून ठेवायचं, मध्यम गॅस, मधून मधून कुकर हलवायचा. दोन फुटण्यांमध्ये दोन-तीन सेकंद जायला लागले की गॅस बंद, शेवटचा दाणा फुटायची वाट बघितली की खालचे जळतात आणि जळका वास सगळ्यांना लागतो. अशा दोन खेपा म्हणजे एक वाटी दाणे, आठ जणींना भरपूर होतात. मीठ मिक्सरमध्ये फिरवून बारीक करून घ्या आणि पॉपकॉर्न गरम असतानाच टाका, जाडं मीठ सगळं तळाला जाऊन बसतं.

हे संध्याकाळी पाचला करून ठेवता येतं, पण पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, आतल्या वाफेने सादळतात आणि चामट होतात. सादळलेच तर कोरड्या कढईत मंद गॅसवर दोन-तीन मिनिटं परता. आणखी एक, आठ वेगवेगळे कागदी कोन किंवा वाट्या भरून द्या, एकच मोठं भांडं ठेवलं तर दोघीच खातात आणि बाकीच्या हात पोचत नाही म्हणून तक्रार करतात.

घरात धाकटं भावंडं असेल तर मात्र सांभाळा. आमचा धाकटा तीन वर्षांचा, तो दादागिरी करून या घोळक्यात घुसतोच, आणि चार वर्षांखालच्या मुलांना पॉपकॉर्न द्यायचे नाहीत, घशात अडकतात. त्याला मी आधीच झोपवते, आणि सकाळी तो उठायच्या आत गादीखालचे, उशीखालचे दाणे शोधून उचलते.

सोबत थंड चॉकलेट दूध, पण अर्धाच पेला, पूर्ण नाही. कोला वगैरे नको, त्यातल्या कॅफीनने झोप उडते, साखर आहे ती वेगळीच. बदाम-पिस्त्याचं मसाला दूधही मी टाळलं, शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या काही मुलांना बाकीचा सुकामेवाही चालत नाही. अर्ध्या पेल्याचं कारण तुम्हाला कळलंच असेल, तो तिसरा प्रश्न. दूध पिऊन झालं की "चला सगळ्या दात घासायला आणि बाथरूमला", सगळ्यांना एकदम, म्हणजे कोणा एकीला वेगळं सांगावं लागत नाही. पॅसेजचा छोटा दिवा रात्रभर चालू.

तरी एखादी हळूच येतेच, "काकू, मला खरंच भूक लागलीय". तिच्यासाठी ती न भाजलेली लादी. एक पाव, बटर, तव्यावर दोन मिनिटं. गेल्या वेळी अशा दोघी आल्या, एक पावणेबाराला आणि एक तिचा वास येऊन.

सकाळ: इडली, कारण कोणीही एकत्र उठत नाही

साडेसहाला दोघी उठतात, आठपर्यंत चौघी, आणि शेवटची सव्वानऊला तिला हलवल्यावर. म्हणजे तीन तास चालेल असा नाश्ता हवा. पोहे अर्ध्या तासात कोरडे पडतात, उपमा थिजतो, तव्याचं तर आपण बादच केलंय. इडली गार झाली तरी पाच मिनिटं वाफवली की परत मऊ होते. जैन मैत्रिणीच्या आईला याचंही विचारलं होतं, कारण काही घरांत रात्रभर आंबवलेलं चालत नाही. तसं असतं तर मी सकाळी शिरा केला असता.

तीन वाट्या इडलीचा तांदूळ, एक वाटी उडीद डाळ, अर्धा चमचा मेथी, यात बत्तीसेक इडल्या होतात, प्रत्येकीला तीन-चार. स्लीपओव्हर शनिवारी असेल तर पीठ शुक्रवारी रात्री वाटा. शनिवारी सकाळी फुगलेलं असतं, दुप्पट आणि वर जाळीदार, लगेच फ्रीजमध्ये ढकला. शनिवारी रात्री वाटून बाहेर ठेवायचा मोह टाळा, उकाड्यात पीठ पाच-सहा तासांतच वर येतं आणि सकाळी उठून बघावं तर निम्मं ओट्यावर आणि उरलेलं आंबट. भांडं नेहमी अर्धंच भरा.

रविवारी सहाला पीठ बाहेर काढा, मीठ घाला, अलगद एकदाच हलवा, फेटलं तर आतली हवा जाते आणि इडल्या चपट्या होतात. माझं स्टँड सोळाचं, त्यामुळे सातला एक घाणा आणि साडेआठला दुसरा. पाण्याला उकळी आल्यावरच स्टँड आत, बारा मिनिटं, मग गॅस बंद करून पाच मिनिटं तसंच. लगेच काढायला गेलात तर निम्मी इडली साच्यालाच चिकटते. चमचा पाण्यात बुडवून कडेने फिरवा. पहिल्या घाण्याच्या उरलेल्या इडल्या ओल्या फडक्यात गुंडाळून कॅसरोलमध्ये.

चटणीत घोळ होतो तो कळतच नाही. आपल्याकडे बरेच जण दाटपणासाठी शेंगदाणे घालतात, हॉटेलातून आणलेल्या चटणीत काय आहे ते कोणी सांगू शकत नाही, म्हणून चटणी घरचीच. एक नारळ खवून, दोन मूठ डाळं, थोडी कोथिंबीर, एकच मिरची, मीठ, लिंबू, वरून मोहरी आणि कढीपत्त्याची फोडणी. नारळ रात्री खवून फ्रीजमध्ये ठेवा पण वाटा सकाळीच, उन्हाळ्यात वाटलेली चटणी फार पटकन आंबते, आणि दुसऱ्या घाण्याच्या वेळेची निम्मी चटणी तोवर फ्रीजमध्येच. सांबार मी करत नाही, आठांपैकी चार जणी त्यातल्या भाज्या बाजूला काढून ठेवतात. त्याऐवजी गरम इडलीवर साजूक तूप आणि पिठीसाखर, हे आपलं जुनंच, आणि सगळ्यात आधी तेच संपलं. शेजारी आंबे कापून ठेवले होते, पण आंबा देताना आधी फ्रॉक बदलायला लावा, न्यायला आलेल्या आईला पिवळी पोरगी परत द्यायला बरं वाटत नाही.

न्यायची वेळ साडेदहा सांगितली की अकरापर्यंत घर रिकामं होतं. देताना प्रत्येकीच्या आईला रात्री काय काय आणि किती खाल्लं ते एका वाक्यात सांगते, "दोन पाव, पॉपकॉर्न, तीन इडल्या", म्हणजे दुपारी पोट दुखलं तर त्यांना अंदाज येतो. आणि औषधांची पिशवी आठवणीने परत. गेल्या वेळी ती माझ्याकडेच राहिली आणि नवऱ्याला भर उन्हात स्कूटर काढून द्यायला जावं लागलं.